नव्वद हजारांची खरेदी, नऊ हप्ते आणि नऊशे रुपयांची फी

नाशिकमधल्या एका खासगी शाळेतल्या शिक्षकाने २४ एप्रिलला एसी आणि फ्रिज मिळून ९०,००० रुपयांची खरेदी क्रेडिट कार्डावर केली. दुकानात ‘ईएमआय करायचा का’ असे विचारले गेले तेव्हा गर्दी होती, म्हणून त्यांनी पूर्ण रकमेचे कार्ड स्वाइप केले. घरी हिशेब मांडल्यावर लक्षात आले की सगळे पैसे एकदम भरले तर बचत खाते जवळपास रिकामे होईल. दरमहा ११,००० रुपयांपर्यंतचा हप्ता मात्र सहज झेपण्यासारखा होता. कार्डाचे स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला निघायचे आणि पैसे भरायची शेवटची तारीख त्यानंतर वीस दिवसांनी यायची. म्हणजे १८ मेच्या बिलासाठी ७ जून.

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे खरेदीचे हप्त्यांत रूपांतर, आणि दुसरी म्हणजे त्यासाठी लागणारी प्रोसेसिंग फी माफ व्हावी. पहिली सहज मिळते. कार्ड व्यवस्थित वापरणाऱ्याला बँक हप्ते द्यायला उत्सुकच असते, कारण वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्या ग्राहकाकडून तिला व्याज मिळत नाही. घासाघीस होते ती दुसऱ्या गोष्टीवर, आणि तिथेच माणूस चुकीच्या रकमेवर लक्ष ठेवून बसतो.

अ‍ॅपमध्ये काय दिसले

सुरुवात फोनने करू नये, अ‍ॅपने करावी. खरेदी झाल्यावर दोन-तीन दिवस व्यवहार ‘पेंडिंग’ असतो. दुकानदाराच्या बँकेकडून तो पक्का होऊन आला की मगच त्यावर हप्त्यांचा पर्याय उघडतो. या कार्डधारकाला अ‍ॅपमध्ये पर्याय दिसला: वार्षिक १५ टक्के व्याज, मुदत ३ ते २४ महिने, प्रोसेसिंग फी १ टक्का, म्हणजे ९०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,०६२. या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवणे हे पहिले काम. फोनवरचा प्रतिनिधी वेगळा दर सांगू लागला की तुलनेला हाच आधार असतो.

अ‍ॅपमध्ये पर्यायच दिसला नाही तर कारण शोधावे. सोन्याचे दागिने, पेट्रोल-डिझेल आणि कार्डावरून काढलेली रोकड यांचे हप्ते बहुतेक बँका करत नाहीत. रक्कम किमान मर्यादेपेक्षा कमी असेल किंवा आधीची थकबाकी असेल तरीही नकार येतो. खरेदी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडच्या अ‍ॅड-ऑन कार्डावर झाली असेल, तर विनंती साधारणपणे मुख्य कार्डधारकानेच करावी लागते. या प्रकरणात यातले काहीच आडवे आले नाही.

अ‍ॅपमधल्या आकड्यांत एक गोष्ट लपलेली असते. दाखवलेला हप्ता हा मुद्दल आणि व्याजाचा असतो, त्यात जीएसटी नसतो. कर्जाच्या व्याजावर एरवी जीएसटी लागत नाही, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ती सवलत नाही. त्यामुळे प्रत्येक हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के कर वेगळा लागतो. व्याज दर महिन्याला उतरते तसा करही उतरतो. पहिल्या महिन्यात ९०,००० वर सव्वा टक्क्याने १,१२५ रुपये व्याज आणि त्यावर २०२ रुपये ५० पैसे जीएसटी, तर शेवटच्या महिन्यात कर काही रुपयांवर येतो. ‘हप्ता ठरलेला आहे, मग दर महिन्याला बिल वेगळे का?’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर इथे आहे.

दोन फोन

पहिला फोन ५ मे रोजी, कार्डामागच्या नंबरवर. उत्तर अपेक्षित तेच: “सर, प्रोसेसिंग फी सिस्टीम जनरेटेड आहे, ती आमच्याकडून काढता येत नाही.” हे खोटे नसते. पहिल्या पायरीवरच्या प्रतिनिधीला पडद्यावर जी ऑफर दिसते तीच तो देऊ शकतो. त्याच्याशी वाद घालून काही निघत नाही. त्याला एवढेच म्हणावे: “फी माफीची विनंती नोंदवा आणि मला सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर द्या.” नंबर मिळाला की प्रकरण कागदावर येते आणि वरच्या टेबलाकडे जाते.

तीन दिवसांनी बँकेकडून फोन आला. “सर, तुमच्यासाठी खास ऑफर आहे. प्रोसेसिंग फी शून्य, बारा महिन्यांचा हप्ता, व्याज फक्त दीड टक्का महिना.” कार्डधारकाने होकार दिला नाही, विचार करून सांगतो म्हणाले, आणि बरे झाले. दीड टक्का महिना म्हणजे वर्षाला १८ टक्के. अ‍ॅपमध्ये १५ होते. फी माफ झाली, पण दर तीन टक्क्यांनी चढला. याचा हिशेब असा:

| पर्याय | मासिक हप्ता | एकूण व्याज | व्याजावरील जीएसटी | फी (जीएसटीसह) | एकूण जादा खर्च |
|---|---|---|---|---|---|
| १२ महिने, १५%, फीसह | ८,१२३ | ७,४७९ | १,३४६ | १,०६२ | ९,८८७ |
| १२ महिने, १८%, फी शून्य | ८,२५१ | ९,०१४ | १,६२३ | ० | १०,६३७ |
| ९ महिने, १५%, फीसह | १०,६३५ | ५,७१८ | १,०२९ | १,०६२ | ७,८०९ |
| ९ महिने, १५%, फी माफ | १०,६३५ | ५,७१८ | १,०२९ | ० | ६,७४७ |

‘फी शून्य’ची खास ऑफर ७५० रुपयांनी महाग होती. मासिक हप्त्यात फरक फक्त १२८ रुपयांचा दिसतो, म्हणून तो कोणाला टोचत नाही. नव्वद हजार आणि बारा महिने या जोडीसाठी ढोबळ माप असे धरता येते: व्याजदरातला प्रत्येक एक टक्का जीएसटीसह सुमारे ६०० रुपयांचा. म्हणजे १,०६२ रुपयांची फी वाचवताना दर पावणेदोन टक्क्यांहून अधिक वाढला तर माफी तोट्यात गेली.

तक्त्यातली तिसरी ओळ त्याहून महत्त्वाची आहे. फी पूर्ण भरली तरी मुदत बाराऐवजी नऊ महिने केल्याने २,०७८ रुपये वाचतात, म्हणजे फीच्या जवळपास दुप्पट. माफीसाठी दोन आठवडे फोन करणारे लोक मुदत निवडताना मात्र सर्वांत छोटा हप्ता पाहून बोट लावतात. इथे ११,००० झेपत होते, त्यामुळे नऊ महिने ठरवायला फार विचार करावा लागला नाही.

प्रतिनिधी कधी कधी ‘फ्लॅट’ दर सांगतात, त्याचीही नोंद इथेच करावी. फ्लॅट ९ टक्के म्हणजे पूर्ण ९०,००० वर वर्षभराचे ८,१०० रुपये व्याज, मुद्दल दर महिन्याला फिटत असले तरी. घटत्या शिलकीवर मोजले तर तो दर साधारण १६.२ टक्के भरतो. त्यामुळे १५ टक्के घटत्या दरापेक्षा ‘फक्त ९ टक्के’ महाग. फोनवर एकच प्रश्न विचारावा: “पहिल्यापासून शेवटपर्यंत, जीएसटी आणि फी धरून, मी एकूण किती रुपये भरणार?” याचे उत्तर आकड्यात मिळाले की फ्लॅट, घटता, मासिक, वार्षिक हे सगळे एका पातळीवर येते.

हा प्रश्न विचारणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांबाबत काढलेल्या निर्देशांत म्हटले आहे की हप्त्यांत रूपांतर करण्यापूर्वी मुद्दल, व्याज आणि ‘नो कॉस्ट’ करण्यासाठी दिलेली सूट स्पष्ट दाखवली पाहिजे, बिलातही ती वेगळी दिसली पाहिजे, आणि व्याज असलेला हप्ता बिनव्याजी म्हणून खपवता कामा नये. प्रोसेसिंग फी माफ करावी असे मात्र कोणताही नियम सांगत नाही. ती बँकेची मर्जी. विनंतीची भाषा यावरूनच ठरते: तपशील हक्काने मागायचा आणि माफी सौद्यात मागायची.

लेखी विनंती

तिसरा प्रयत्न अ‍ॅपमधल्या मेसेज सुविधेतून, लेखी. मजकूर थोडक्यात असा होता:

“माझ्या कार्डावरील २४ एप्रिलचा ९०,००० रुपयांचा व्यवहार ९ महिन्यांच्या हप्त्यांत बदलायचा आहे. अ‍ॅपमध्ये मला वार्षिक १५ टक्के दर आणि १ टक्का फी दिसते, स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. हाच दर कायम ठेवून प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरील जीएसटी माफ केल्यास मी रूपांतर करेन. अन्यथा ७ जूनला पूर्ण बिल भरेन. आधीचा सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर वर दिला आहे. कृपया एकूण देय रक्कम, मासिक हप्ता आणि पहिल्या हप्त्याची तारीख लेखी कळवावी.”

यात तीन गोष्टी नेमक्या आहेत. ‘हाच दर कायम ठेवून’ हे शब्द नसते तर १८ टक्क्यांची ऑफर पुन्हा आली असती. ‘तिच्यावरील जीएसटी’ वेगळा लिहिला, कारण फी परत देताना कर विसरण्याची चूक नेहमीची आहे. आणि ‘अन्यथा पूर्ण बिल भरेन’ हे ग्राहकाच्या हातातले खरे वजन आहे, कारण तसे झाले तर बँकेला ५,७१८ रुपयांचे व्याज मिळत नाही आणि त्यापुढे ९०० रुपये सोडणे तिला परवडते. हे वजन अर्थात तेव्हाच खरे असते जेव्हा ग्राहक सहसा पूर्ण बिल भरतो. जो दर महिन्याला किमान रक्कम भरून उरलेली ओढत नेतो, त्याच्याकडून बँकेला वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात व्याज मिळतच असते. त्याने ही धमकी देऊन उपयोग नाही. त्याच्यासाठी १५ टक्क्यांचा हप्ता फीसह घेणे हीच मोठी बचत.

‘मी दहा वर्षे तुमचा ग्राहक आहे’, ‘कार्डच बंद करतो’ अशी वाक्ये मुद्दाम टाळली होती. कार्ड बंद करण्याची धमकी वार्षिक शुल्क माफ करून घेताना कधी कधी चालते. इथे मात्र विनंती कार्ड बंद करणाऱ्या विभागाकडे वळते आणि हप्त्यांचा विषय बाजूला पडतो.

१९ मे रोजी लेखी उत्तर आले. दर १५ टक्के कायम. फी आधी लागेल, पहिला हप्ता बिलात आल्यानंतर ९०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी परत जमा केला जाईल. ‘आधी घेऊ, मग परत देऊ’ हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो, कारण फी आपोआप लागते आणि ती परत करण्याचा अधिकार वेगळ्या टेबलाकडे असतो. लेखी उत्तर हातात असेल तर हरकत नाही. फक्त तोंडी आश्वासन असेल तर रूपांतर करू नये.

सर्वांत महाग पडू शकणारी चूक

या धावपळीत १८ मेचे स्टेटमेंट निघून गेले होते. त्यात ९०,००० ची खरेदी आणि इतर १४,६०० रुपये मिळून १,०४,६०० देय दिसत होते. ही बँक बिलात आलेल्या व्यवहाराचेही शेवटच्या तारखेपूर्वी हप्ते करू देत होती, म्हणून २१ मे रोजी रूपांतर झाले. काही बँका बिल निघाल्यावर तो व्यवहार घेत नाहीत. आपल्या बँकेचा नियम माहीत नसेल तर स्टेटमेंटच्या चार-पाच दिवस आधीच काम उरकावे.

बिलानंतर रूपांतर करण्याचा एक फायदा असतो. खरेदीपासून २१ मेपर्यंतचे दिवस बिनव्याजी गेले आणि पहिला हप्ता १८ जूनच्या बिलात पडला. पण धोकाही इथेच. निघालेले बिल बदलत नाही. त्यावर १,०४,६०० हीच रक्कम राहते, आणि बचत खात्यातून पूर्ण बिल आपोआप भरण्याची सूचना दिलेली असेल तर ७ जूनला तेवढे सगळे पैसे कापले जातात. मग कार्ड खात्यात ९०,००० जादा पडून राहतात आणि हप्त्यांवर व्याज मात्र चालू. या कार्डधारकाने ऑटो-पे काही दिवस आधी बंद केले.

उलट बाजूची चूक आणखी महाग आहे. रूपांतर ‘झाले’ असा एसएमएस आला म्हणून फक्त १४,६०० भरले, पण बँकेच्या नोंदीत ते झालेच नव्हते, तर? तसे असेल तर पूर्ण बिल भरले नाही असे गणले जाते आणि व्याज ७ जूनपासून नव्हे, खरेदीच्या दिवसापासून लागते. महिना साडेतीन टक्के दराने ९०,००० वर २४ एप्रिल ते १८ जून या ५५ दिवसांचे व्याज साडेपाच हजारांच्या पुढे जाते, वर जीएसटी. शिवाय त्या काळातल्या नव्या खरेद्यांनाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. हजाराची फी वाचवायला निघालेल्या माणसाला हे परवडत नाही.

म्हणून एसएमएसवर विसंबू नये. अ‍ॅपमधल्या ताज्या व्यवहारांत ९०,००० रुपयांची जमा नोंद दिसली पाहिजे आणि हप्त्यांच्या यादीत नऊ हप्त्यांचे वेगळे खाते दिसले पाहिजे. दोन्ही दिसल्यावरच कमी रक्कम भरावी. इथे २४ मेला दोन्ही दिसले. तरीही त्यांनी “७ जूनपूर्वी मी नेमके किती भरू?” असे चॅटवर विचारून १४,६०० हे उत्तर जपून ठेवले.

ओटीपीबद्दल एक सूचना. या काळात ‘तुमच्या ईएमआयची प्रोसेसिंग फी माफ करतो, ओटीपी सांगा’ असे म्हणणारे फोन येऊ शकतात, आणि आपण खरेच माफीची वाट पाहत असल्याने ते खरे वाटतात. फी परत जमा करायला ग्राहकाचा ओटीपी लागत नाही.

जूनचे बिल आणि त्यानंतर

१८ जूनच्या बिलात हप्त्यापोटी काय आले ते पाहा: हप्ता १०,६३५, व्याजावरचा जीएसटी २०२.५०, प्रोसेसिंग फी ९००, फीवरचा जीएसटी १६२. एकूण ११,९०० रुपयांच्या आसपास. हप्ता किमान देय रकमेत पूर्णच धरला जातो, त्यातला काही भाग पुढे ढकलता येत नाही. फीचे पैसे परत येणार आहेत म्हणून तेवढी रक्कम कापून बिल भरायचा मोह होतो, तो टाळावा. जमा नोंद प्रत्यक्ष येईपर्यंत ती रक्कम देयच असते. पूर्ण भरावी, नंतर आलेली जमा पुढच्या बिलात वळती होते.

जुलैत ९०० जमा झाले, १६२ झाले नाहीत. लेखी उत्तरात जीएसटीचा उल्लेख असल्याने त्याच सर्व्हिस रिक्वेस्टवर दोन ओळींची तक्रार पुरली आणि उरलेली रक्कमही आली. उत्तर नीट मिळाले नसते तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचे, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करायची. पण तिथे काय मागायचे हे नीट ओळखावे. ‘लेखी कबूल केलेली फी परत केली नाही’ ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती तक्रार टिकते. ‘फी माफ करायला नकार दिला’ हा बँकेचा व्यावसायिक निर्णय ठरतो, आणि लोकपाल त्यात पडत नाही.

हप्ते सुरू असताना कार्डाची ९०,००० ची मर्यादा अडकून राहते आणि फक्त फिटलेल्या मुद्दलाएवढी मोकळी होते. पहिल्या हप्त्यातून मोकळे झाले ९,५१० रुपये. खरेदीवर मिळालेले रिवॉर्ड पॉइंट हप्ते केल्यावर अनेक बँका काढून घेतात. पॉइंटांची किंमत फीपेक्षा मोठी असेल तर हा मुद्दा विनंती करण्याआधीच तपासायला हवा.

राहिला प्रश्न मुदतीआधी फेडण्याचा. दिवाळीला हातात पैसे आले की उरलेले हप्ते एकदम भरून टाकू, असा विचार बहुतेक जण करतात. त्यासाठी बँका साधारणतः उरलेल्या मुद्दलाच्या ३ टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात. चार हप्ते भरल्यानंतर या कर्जाचे सुमारे ५१,२०० मुद्दल उरते, म्हणजे आकार १,८०० च्या वर. उरलेल्या पाच हप्त्यांत जीएसटीसह व्याज जाते साधारण २,३००. बचत पाचशेची. तेवढ्यासाठी हातातली रोकड रिकामी करावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. वस्तू दुकानात परत केली तर मात्र गोष्ट वेगळी: दुकानाचा परतावा कार्डावर जमा होतो, पण हप्त्यांचे कर्ज आपोआप बंद होत नाही. ते बंद करा असे बँकेला स्वतंत्रपणे लेखी सांगावे लागते, आणि परतावा जमा झाल्याच्या दिवशीच सांगितलेले बरे, कारण पुढच्या बिलात आणखी एक हप्ता व्याजासह पडलेला असतो.